दम्याची वही

दम कशाने लागतो, असं डॉक्टरांनी विचारलं की आपण बहुतेक जण एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतो. धुळीने. थंडीने. उदबत्तीने. माझ्या घरात सगळ्यांचं एकमत उदबत्तीवर होतं, आणि तसं वाटायला कारणही होतं. रोज सकाळी सासूबाईंची पूजा सुरू झाली की थोड्याच वेळात माझा खोकला सुरू व्हायचा. शाळेत कुणी बॉडी स्प्रे मारून शेजारी बसलं तरी घसा आवळल्यासारखा व्हायचा. मग सगळ्याच सुवासांवर एक शिक्का बसला: हिला वास सहन होत नाही. हे निदान अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं एका शंभरपानी वहीतून आणि दोन वेळा फुंकायच्या एका प्लास्टिकच्या नळीतून कळलं. ते कसं कळलं, ते सविस्तर सांगते, कारण वास, धूर आणि दमा यांचा गुंता पुष्कळ घरांत असाच असतो आणि तो अंदाजाने सुटत नाही.

मी कोल्हापुरात राहते, माध्यमिक शाळेत शिकवते. लहानपणी मला बाळदमा होता. तो कॉलेजला जाईपर्यंत थांबला आणि चाळिशी ओलांडल्यावर परत आला. आला तोही दम्याच्या रूपात नाही, तर पहाटेच्या कोरड्या खोकल्याच्या रूपात. खोकल्याची औषधं झाली, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. मग एकदा छातीत शिट्टी वाजली तेव्हा सालब्युटामॉलचा निळा इनहेलर हातात आला. दम लागला की दोन पफ घ्यायचे, एवढाच उपचार चालला होता.

त्या वर्षी गौरी जेवल्या त्या संध्याकाळी बाहेर मुसळधार पाऊस होता, म्हणून हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. पाहुण्यारावळ्यांनी घर भरलेलं. धुपाटण्यात शेणीचा निखारा, त्यावर ऊद आणि गुगुळ. तबकात कापूर. नव्या साड्या, नवे सदरे आणि प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही फवारलेलं. मला दोन दिवसांची सर्दी होती. दुसरी आरती म्हणताना ओळ पुरी होईना. आधी वाटलं सर्दीमुळे असेल. मग छातीवर पट्टा आवळावा तसं झालं, श्वास आत जायचा पण बाहेर निघायला वेळ लागायचा. निळ्या इनहेलरने पाच-दहा मिनिटं बरं वाटलं आणि पुन्हा तेच. नणंदेने काय होतंय विचारलं तर मला दोन शब्दांच्या पुढे बोलता येईना. त्या रात्री दवाखान्यात ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन असा सगळा प्रकार झाला.

नंतर छातीविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. स्पायरोमेट्री झाली. यात आधी एकदा जोरात फुंकतात, मग श्वासनलिका सैल करणारं औषध ओढतात आणि थोड्या वेळाने पुन्हा फुंकतात. दुसऱ्या वेळी आकडा पुरेसा सुधारला तर नळ्या आवळतात आणि सुटतात, म्हणजे दम्याकडे बोट जातं. माझा सुधारला. दमा ठरला. मी सांगितलं, "मॅडम, मला उदबत्तीने होतं." त्या म्हणाल्या, "त्या खोलीत उदबत्ती सोडून अजून काय काय होतं ते सांगा बघू." मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या: धूर, कापूर, सेंट, बंद खिडक्या, पावसाळी ओल, सर्दी, मोठ्याने आरती म्हणणं. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "यातलं कुठलं, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. रक्ताची तपासणीही सांगणार नाही. तुम्हाला लिहून आणावं लागेल."

रक्ताची किंवा त्वचेची ॲलर्जीची तपासणी का सांगणार नाही, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण लोक त्यासाठी बराच पैसा घालवतात. दमा चेतवणाऱ्या गोष्टींचे ढोबळ दोन प्रकार. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, झुरळं, बुरशी, गाजर गवताचे पराग, पाळीव प्राण्यांचा कोंडा यांच्याविरुद्ध शरीर विशिष्ट प्रतिपिंडं तयार करतं आणि ती तपासणीत सापडू शकतात. अत्तर, सेंट, उदबत्तीचा धूर, फिनेल, फोडणीचा ठसका यांचं तसं नसतं. दम्यात श्वासनलिकांचं अस्तर आधीच सुजलेलं, हुळहुळं झालेलं असतं. त्यावर हे कण आणि ही रसायनं पोचली की तिथल्या चेतातंतूंना झोंबतात आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. ही ॲलर्जी नसते, चुरचुर असते. त्यामुळे त्वचेवर टोचून किंवा रक्त काढून अत्तराचा दमा सापडत नाही. तो सापडतो फक्त रोजच्या जगण्यात, घड्याळाकडे बघत.

डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर घ्यायला सांगितला. औषधांच्या मोठ्या दुकानात मिळतो. हातभर लांबीचंही नसतं ते, एक नळी, तिच्यावर लिटर दर मिनिटाचे आकडे आणि सरकणारा काटा. उभं राहायचं, काटा तळाशी आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, तोंडी ओठांत घट्ट धरायची आणि एकाच दमात, जमेल तेवढ्या जोराने आणि वेगाने फुंकायचं. फुगा फुगवताना फुंकतो तसं लांबवत नाही, एकदम. असं तीनदा करायचं आणि तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. बोट काट्याच्या खाचेवर आलं तर आकडा खोटा कमी येतो. थुंकल्यासारखं जिभेने फुंकलं तर खोटा जास्त येतो. तीन फुंकांत फार फरक पडत असेल तर फुंकण्याची पद्धत चुकतेय असं समजायचं. माझ्या डॉक्टरांनी समोर उभं करून फुंकायला लावलं आणि हात कसा धरायचा ते दाखवलं. आपणही तसा आग्रह धरावा.

वेळा दोन. सकाळी उठल्याउठल्या आणि संध्याकाळी, दोन्ही वेळी इनहेलर घेण्याआधी. रोज तीच वेळ, तोच मीटर, कारण दोन वेगळ्या मीटरचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. शिवाय काही त्रास सुरू झाला तर तेव्हा एकदा, आणि इनहेलर घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी परत. मात्र दम जोरात लागला असताना आकडा घेण्यापायी औषध लांबवायचं नाही. आधी पफ, मग वही.

सुरुवातीला मी वहीत जे लिहायचे त्याचा डॉक्टरांना काही उपयोग झाला नसता. 'आज बराच त्रास झाला', 'सकाळी खोकला, दुपारी बरं'. यातून कुणाला काय कळणार? दुसऱ्या भेटीपर्यंत थांबायला नको म्हणून मी पानाचा फोटो पाठवला. त्यावर त्यांचा निरोप आला तो एवढाच: किती वाजता, कुठे, त्याआधी काय, आकडा किती, काय घेतलं, किती वेळात उतरलं. मी वहीची पानं त्याप्रमाणे आखून घेतली. एका गुरुवारचं पान इथे जसंच्या तसं देते. आमच्या घरात दत्ताची भक्ती आहे, दर गुरुवारी संध्याकाळी धुपारती होते.

'गुरुवार. सर्दी नाही. रात्री एकदा खोकल्याने जाग, साधारण चार वाजता. सकाळी 6.00, उठल्यावर: 300. पूजा 6.45 ला, देवघरात दोन उदबत्त्या, खिडकी उघडी, मी स्वयंपाकघरात. 7.10 ला: 300. दिवसभर शाळा, काही नाही. संध्याकाळी 6.30: 350. धुपारती 7.00, देवघराचं दार लोटलेलं, मी आत. 7.10 घसा खवखवला, कोरडा खोकला. 7.20 छाती जड, श्वास सोडताना बारीक शिट्टी. आकडा 270. निळा इनहेलर स्पेसरने दोन पफ. 7.40: 335. रात्री झोप ठीक.'

या पानात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आमच्या घरातल्या समजुतीच्या उलट निघाल्या.

पहिली सकाळची. खोकला पूजेच्या वेळी सुरू होतो, म्हणून पूजा त्याचं कारण, असं सगळे धरून चालले होते. पण आकडा उदबत्ती पेटायच्या पाऊण तास आधीच 300 वर होता. उदबत्तीनंतरही तो 300 च राहिला. म्हणजे खिडकी उघडी असताना, दुसऱ्या खोलीतल्या दोन उदबत्त्यांनी त्यात भर घातलेली नव्हती. मग सकाळी नळ्या आवळलेल्या का होत्या? दम्यात श्वासनलिका रात्रीतून अरुंद होत जातात आणि पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यात जास्त. दमा आटोक्यात नसल्याची ती ठळक खूण असते. मी उठून हालचाल करू लागले की खोकला सुटायचा, आणि त्याच वेळी घरात उदबत्ती लागायची. दोन गोष्टी एकाच वेळी होत होत्या, एवढंच. आजही पुष्कळ लोक भेटतात ज्यांनी घरातली उदबत्ती बंद केली, पण पहाटेचा खोकला तसाच आहे. त्यांना मी आधी हेच सांगते की पूजेच्या आधी एकदा फुंकून बघा.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. 350 वरून वीस मिनिटांत 270, आणि औषधाने पुन्हा 335. ही घसरण खरी होती. पुढच्या गुरुवारी मी देवघरात न बसता बाहेरच्या खोलीत बसले, आकडा 330 च्या खाली गेला नाही. त्यानंतरच्या गुरुवारी सासूबाईंनी माझ्या काळजीने धूप बदलला. "अगं, हा शुद्ध आहे, गाईच्या शेणाचा, यात सेंट नाही की केमिकल नाही. हा चालेल तुला," म्हणाल्या. वास खरंच मंद होता. आकडा 265 आला. मग कळलं की माझं वैर वासाशी नसून धुराशी होतं.

यामागचं कारण साधं आहे. उदबत्ती म्हणजे बांबूच्या काडीवर कोळशाची आणि लाकडाची पूड, ती धरून ठेवणारी चिकट सालीची भुकटी आणि वरून सुवासिक द्रव्य. ती ज्योतीने जळत नाही, धुमसते, आणि धुमसणाऱ्या कुठल्याही पदार्थातून अर्धवट जळालेले अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, बेंझिन यांसारखे वायू. धूप जाडजूड आणि दडपून केलेला असतो, त्यामुळे तो उदबत्तीपेक्षा बराच जास्त धूर सोडतो. त्यात शेण आहे, तूप आहे की जडीबुटी, याने नळ्यांना फारसा फरक पडत नाही. मच्छर अगरबत्तीचंही हेच. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक मच्छर कॉइल पूर्ण जळल्यावर 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं मोजलं गेलं होतं. आणि एक लक्षात ठेवण्याजोगं: हे कण डोळ्यांना धूर दिसेनासा झाला, वासही विरला, तरी बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणून वहीत 'आरती संपल्यावर आत गेले' असं लिहून चालत नाही. किती वेळाने गेले आणि खिडकी उघडी होती का, तेही लिहावं लागतं.

आता सेंटबद्दल. इथे माझ्या वहीत काही आठवडे मोठा घोळ दिसत होता. शिक्षक-खोलीत एक सहकारी दुपारी तासावर जाण्याआधी बॉडी स्प्रे मारायच्या. त्याबद्दलच्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवते. एक अशी: 'दु. 12.30, शिक्षक-खोली, स्प्रे, पंखा चालू. लगेच, मिनिटाच्या आत, गळा आवळला. श्वास आत घेता येईना, आवाज बसला. आकडा 345. निळ्या इनहेलरने फरक नाही. व्हरांड्यात गेले, दहा मिनिटांत पूर्ण बरं.' आणि दुसरी, त्यानंतरच्या आठवड्यातली: 'सर्दीचा तिसरा दिवस. सकाळी 290. दु. 12.30, तोच स्प्रे. पाच-सात मिनिटांनी खोकला, छाती जड, शिट्टी. आकडा 250. दोन पफ. वीस मिनिटांनी 300.'

मला दोन्ही वेळी सारखीच भीती वाटली होती, आणि तोंडी सांगितलं असतं तर दोन्हींसाठी मी 'सेंटने दम लागला' एवढंच म्हटलं असतं. डॉक्टरांनी पहिल्या नोंदीखाली रेघ ओढली. दम्यात अडचण मुख्यतः श्वास बाहेर सोडताना होते, छातीत होते, आकडा पडतो आणि इनहेलरने चढतो. पहिल्या नोंदीत अडचण श्वास आत घेताना, गळ्यात, आकडा जागच्या जागी आणि औषधाचा उपयोग शून्य. याला स्वरतंतूंचा बिघाड म्हणतात. श्वास आत घेताना उघडे राहायला हवेत ते स्वरतंतू उग्र वासाच्या चेतवणीने उलट मिटू लागतात. दमा असलेल्या काही लोकांना हाही त्रास जोडीला असतो, आणि तो दमाच समजून त्यांच्या स्टेरॉइडचा डोस चढत जातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिल्यावर माझ्या बाबतीत ते नक्की झालं. त्यासाठी इनहेलर नव्हता, वाचा-उपचारतज्ज्ञांनी शिकवलेला श्वासाचा एक प्रकार होता: खांदे सैल सोडायचे, नाकाने छोटे छोटे हुंगल्यासारखे श्वास घ्यायचे आणि ओठ अर्धवट मिटून 'स्स्स' करत सावकाश सोडायचे. माझ्या गळ्याची ती आवळण आता बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत सुटते. हे मी माझं सांगते. कुणी नुसतं वाचून आपला दम गळ्याचा आहे असं ठरवू नये, मीटर आणि तपासणीवाचून तर मुळीच नाही.

दुसऱ्या नोंदीतला त्रास मात्र खरा दमाच होता, आणि तो स्प्रेने एकट्याने केलेला नव्हता. वही उलटून पाहिली तर सेंटने आकडा पडल्याची प्रत्येक नोंद सर्दीच्या दिवसांतली होती. विषाणूच्या सर्दीने अस्तराची सूज वाढते आणि मग एरवी सहन होणारी गोष्ट झोंबते. गौरीच्या संध्याकाळीही सर्दी होतीच. यासाठी पानाच्या माथ्यावर 'सर्दी आहे/नाही' हे रोज लिहायचं असतं. तिथेच पाळीचे दिवस, नवीन औषध किंवा वेदनाशामक गोळी, रात्री उशिरा आणि जड जेवण, हवेतली थंडी किंवा ओल, घरात रंगकाम, कपाटातून काढलेल्या गोधड्या यांतलं जे असेल तेही एका शब्दात टिपावं. वेदनाशामक गोळीने काहींचा दमा जोरात उसळतो आणि ते लक्षातच येत नाही, कारण गोळी वासाची नसते.

वेळेच्या बाबतीत अजून एक खाच आहे. धूर आणि सेंट यांचा परिणाम बहुधा काही मिनिटांत दिसतो. धुळीतल्या किड्यांसारख्या ॲलर्जीच्या गोष्टींनी पहिला त्रास पंधरा-वीस मिनिटांत येतो आणि मग चार ते आठ तासांनी पुन्हा एक लाट येऊ शकते. रात्री दोनला जाग आली तर समोर जळणाऱ्या मच्छर कॉइलवर संशय जातो, आणि संध्याकाळी झटकलेल्या गाद्या विसरल्या जातात. म्हणून त्रासाच्या नोंदीखाली मागच्या अर्ध्या दिवसात काय काय केलं याला दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात.

वही घेऊन मी गेले तेव्हा डॉक्टरांनी आधी आकडेच पाहिले. सकाळ आणि संध्याकाळच्या आकड्यांतला फरक त्या दिवसाच्या दोन्हींच्या सरासरीने भागायचा. माझ्या त्या गुरुवारी 300 आणि 350, फरक 50, सरासरी 325, म्हणजे 15 टक्क्यांच्या वर. असं रोजचं काढून दोन आठवड्यांची सरासरी मोठ्या माणसांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त येत असेल तर श्वासनलिका स्थिर नाहीत असं धरतात. माझी आली. त्याचा अर्थ त्यांनी स्पष्ट सांगितला: "धूप बंद करून हे जाणार नाही. आतली सूज उतरवायला हवी." तोवर मी फक्त निळ्या इनहेलरवर होते, जो आवळलेला स्नायू तेवढ्यापुरता सैल करतो आणि सुजेला हात लावत नाही. दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना एकट्या त्या औषधावर ठेवू नये असं सांगितलं आहे. मला बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला इनहेलर रोज घ्यायला दिला, नंतर गुळण्या करून टाकायला सांगितल्या. यातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नळ्यांवर जातं. त्याची सवय लागते ही भीती निराधार आहे, आणि त्या भीतीपायी औषध मधेच सोडणारे फार आहेत, त्याची मला मनापासून काळजी वाटते.

दोनेक महिन्यांत पहाटेचा आकडा 345 ते 360 मध्ये स्थिरावला. चांगल्या दिवसांतला सगळ्यात मोठा आकडा 360, तो माझा स्वतःचा सर्वोत्तम ठरला. त्याच्या 80 टक्के, म्हणजे साधारण 290 च्या वर असेन तर नेहमीचं चालू. 180 ते 290 मध्ये आकडा आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आराखड्याप्रमाणे औषध वाढवायचं. अर्ध्याच्या, म्हणजे 180 च्या खाली आला तर पफ घेत घेत दवाखान्याकडे निघायचं. हे आकडे माझे आहेत. उंची, वय, बाई की पुरुष यावर ते बदलतात, त्यामुळे शेजारणीच्या आकड्याशी आपला ताडून बघू नये.

घरात काय बदललं, तर सकाळच्या उदबत्त्या बंद झाल्या नाहीत. आता दोनांऐवजी एक लागते, खिडकी उघडी. त्या बंद करायला लावल्या असत्या तर सासूबाईंना अकारण दुखावलं असतं, आणि वहीत त्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता. गुरुवारचा धूप अंगणात तुळशीपाशी लागतो आणि विझल्यावरच धुपाटणं आत येतं. देवापुढे तुपाचं निरांजन आणि फुलं असतात. सर्दी असली की मी आरतीला अंगणाच्या दारात उभी राहते, तेव्हा कुणी आग्रह करत नाही, कारण आता सगळ्यांनी ते पान पाहिलं आहे. शाळेतल्या मॅडमना मी बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "तुमचा सेंट वाईट नाही हो, पण फवारा हवेत राहतो आणि माझा श्वास अडतो. बाहेर व्हरांड्यात माराल का?" त्यांनी नंतर रोल-ऑन घेतला. तो हवेत उडत नाही, त्यामुळे पुष्कळ फरक पडतो. स्वतःसाठी साबण, पावडर, कपड्यांचं द्रावण घेताना 'वास नाही' अशा मोठ्या अक्षरांवर विसंबू नये. मूळ वास झाकायला कधी कधी आत दुसरा सुवास घातलेला असतो. मागच्या बारीक अक्षरांत 'फ्रॅगरन्स' किंवा 'पर्फ्युम' आहे का ते पाहावं.

नेमकं कारण शोधायच्या नादात मुद्दाम धूप लावून बघणं, सेंट हुंगून बघणं हे करू नये. मी बसायची जागा बदलली, पण धूर ओढायला गेले नाही. दमा अस्थिर असताना असा प्रयोग जिवावर बेतू शकतो. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, गळ्याजवळची कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, किंवा इनहेलरचा परिणाम काही मिनिटांतच ओसरत असेल, तर वही, आकडा, कारण सगळं बाजूला ठेवून 108 ला फोन करायचा, ताठ बसायचं आणि तुमच्या आराखड्यात लिहिलंय तेवढे पफ स्पेसरमधून एकेक करून घेत राहायचं. अशा वेळी छातीतली शिट्टी ऐकू येईनाशी झाली तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही. हवाच आत-बाहेर होत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो.

वही किती दिवस ठेवायची, असं मला बायका विचारतात. पहिल्यांदा दोन ते चार आठवडे नेमाने, रोज. दमा आटोक्यात आला की रोजची गरज नाही, पण सर्दी झाली, औषध बदललं, घर बदललं किंवा सणवार तोंडावर आले की पुन्हा सुरू करावी. डॉक्टरांकडे जाताना सगळी वही वाचून दाखवायला वेळ नसतो. म्हणून आदल्या रात्री एका पानावर एवढं उतरवून न्यावं: पहाटे जाग आलेल्या रात्री किती, निळा इनहेलर किती वेळा लागला, सर्वांत कमी आकडा कोणता आणि त्याआधी काय घडलं, आकडा न पडता झालेला त्रास कोणता. सोबत मीटर आणि इनहेलर दोन्ही पिशवीत टाकावेत आणि इनहेलर कसा ओढता ते त्यांच्यासमोर करून दाखवावं. संशय असलेल्या धुपाच्या, स्प्रेच्या डब्यावरच्या मजकुराचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा. डबा मात्र घरीच ठेवावा, दवाखान्याच्या बाकावर तुमच्या शेजारी बसलेल्यालाही दमा असतो.